गोष्ट कुणाची, सही कुणाची?

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००५च्या सुरुवातीला पडद्यावर यायचा होता. एस. हुसेन झैदी यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावर तो बेतलेला होता. प्रदर्शनाच्या तोंडावर स्फोटांच्या खटल्यातले आरोपी मुंबई उच्च न्यायालयात गेले. खटला टाडा न्यायालयात अजून चालू आहे, निकाल लागलेला नाही आणि चित्रपट मात्र आम्हाला नावानिशी गुन्हेगार दाखवतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. उच्च न्यायालयाने निकाल येईपर्यंत प्रदर्शन थांबवले. चित्रपट लोकांसमोर आला तो फेब्रुवारी २००७मध्ये. तोवर निर्मात्याचे सगळे पैसे डब्यात अडकून पडले होते.

पुस्तकावरून चित्रपट करायचा म्हणजे लेखकाची परवानगी घ्यायची, एवढे आता बहुतेकांना ठाऊक असते. या प्रकरणात अडचण वेगळ्याच दारातून आली. लेखक आपल्या पुस्तकाचा हक्क देऊ शकतो. पुस्तकात ज्या जिवंत माणसांची नावे आहेत त्यांच्या वतीने तो काहीच देऊ शकत नाही. खऱ्या घटनेवरच्या चित्रपटात हे दोन हिशेब स्वतंत्र ठेवावे लागतात. आपल्याकडे ते सर्रास एकात एक मिसळले जातात आणि भांडणे तिथेच उगवतात.

आधी पुस्तकाचे पाहू. कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे. साहित्यकृतीवरून चित्रपट करण्याचा हक्क त्यात कॉपीराइटच्या मालकाकडे ठेवलेला आहे. पण मालकी असते ती मांडणीची, म्हणजे प्रसंगांची गुंफण, पात्रे, संवाद, सांगण्याची रीत यांची. विषयाची किंवा घडलेल्या घटनेची मालकी कुणालाच मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक दिल्लीत गाजले होते. १९५६मध्ये मोहन सेगल यांचा ‘न्यू दिल्ली’ आला, तेव्हा आपलेच नाटक उचलले असे आनंद यांना वाटले. दोन्हींचा विषय प्रांतीय दुराग्रहाचा होता. न्यायालयाने दोन्ही कलाकृती शेजारी ठेवून पाहिल्या आणि कल्पना एक असली तरी उभारणी वेगळी आहे असा निर्णय दिला. आनंद हरले. दोन्ही पाहिलेल्या प्रेक्षकाला दुसरी कृती पहिलीची नक्कल वाटते का, ही तेव्हाची कसोटी आजही वकील वापरतात.

याचा अर्थ असा, की पुरात अडकलेल्या गावाची बातमी वाचून कुणीही त्या घटनेवर चित्रपट करू शकतो. पण त्याच पुरावर एखाद्या लेखकाने चार वर्षे गावात फिरून पुस्तक लिहिले असेल, पाटलाच्या तोंडी रात्रीचे बोलणे घातले असेल, घटनांचा क्रम नाट्यासाठी बदलला असेल, तर तो भाग त्याचा आहे. अडचण अशी, की छापील पानावर खरे कोणते आणि लेखकाने रचलेले कोणते हे वाचकाला ओळखू येत नाही. सत्यघटनेवरच्या कादंबऱ्यांत तर मुळीच नाही. ‘हे तर घडलेलेच आहे’ म्हणून पटकथाकार एखादा हृद्य प्रसंग घेतो आणि तो लेखकाने कल्पिलेला निघतो. एकाच पुस्तकावर मुख्य भिस्त असेल तर ते पुस्तक विकत घ्यावे, हे माझे मत याच कारणासाठी आहे. वेगवेगळ्या वृत्तपत्रांतून, न्यायालयीन कागदांतून आणि स्वतः घेतलेल्या मुलाखतींतून गोष्ट उभी केली असेल तर मार्ग मोकळा आहे. मात्र कोणता प्रसंग कुठून आला याची टिपणे तारखेसह जपून ठेवायला हवीत.

आता एक मराठी कादंबरी डोळ्यांसमोर आणू. लेखक, पुस्तक, कुटुंब सगळे कल्पित, पण अडचणी नेहमीच्या. कादंबरी १९७२ साली आली. लेखक १९९८मध्ये वारले. एका तरुण दिग्दर्शकाला तिच्यावर चित्रपट करायचा आहे. त्याचा पहिला प्रश्न असतो, हक्क अजून शिल्लक आहेत का? आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो आणि ही वर्षे पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे ही कादंबरी ३१ डिसेंबर २०५८पर्यंत कुणाच्या तरी मालकीची आहे. साने गुरुजी जून १९५०मध्ये गेले. त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तके या हिशेबाने २०११ उजाडताच सर्वांसाठी खुली झाली. मूळ पुस्तक खुले झाले तरी त्यावरचा जुना चित्रपट खुला होतोच असे नाही. त्याची मुदत वेगळी असते, म्हणून त्यातले प्रसंग किंवा गाणी उचलता येत नाहीत.

मग तो पुस्तकाचे दुसरे पान उघडतो. तिथे © या खुणेपुढे लेखकाचे नाव नाही, ‘सौ.’ लावून त्यांच्या पत्नीचे नाव आहे. जुन्या मराठी पुस्तकांत हे वारंवार दिसते. आपल्या माघारी मानधन हिला मिळावे या भावनेने लेखक ते नाव छापून घेत. पण छापील ओळ म्हणजे हस्तांतराचा दस्त नव्हे. लेखकाने लेखी सहीनिशी पत्नीला हक्क दिला होता का, हे शोधावे लागते. दिला असो वा नसो, साठ वर्षे लेखकाच्या मृत्यूपासूनच मोजायची. पत्नीच्या मृत्यूशी त्यांचा संबंध नाही.

आमच्या कल्पित कुटुंबात लेखकाची पत्नी २००९मध्ये गेली. मृत्युपत्र कुणीच केलेले नव्हते. थोरला मुलगा पुण्यात आहे, मुलगी न्यू जर्सीत. धाकटा मुलगा २०१५मध्ये वारला, त्याची पत्नी आणि कॉलेजात जाणारी, सज्ञान झालेली मुलगी नाशिकला असतात. थोरला म्हणतो, बाबांचे सगळे मीच बघतो, माझी सही पुरे. तो प्रामाणिकपणे बोलत असतो, आणि एवढ्यावर विसंबून अनेकजण पुढे जातात. पण हक्क चौघांत विभागलेला आहे आणि एक सहमालक इतरांच्या संमतीवाचून तो देऊ शकत नाही. चारही सह्या लागतील. न्यू जर्सीची मुलगी येऊ शकत नसेल तर तिने तिथे रीतसर प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र पाठवायचे आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरून घ्यायचे. काम कंटाळवाणे आहे, पण चित्रीकरण सुरू होण्याआधी ते दोन-तीन आठवड्यांचे काम असते. चित्रपट जाहीर झाल्यावर तीच सही मागायला गेले की तिची किंमत बदललेली असते.

नंतर प्रकाशक. पुस्तक छापायचा हक्क म्हणजे चित्रपटाचा हक्क नव्हे, पण १९७२चा करारनामा काढून वाचल्याशिवाय खात्री देता येत नाही. काही जुन्या करारांत ‘सर्व हक्क’ असा मोघम शब्द असतो. अशा वेळी प्रकाशकाकडून आपला चित्रपटाच्या हक्कांवर दावा नाही असे पत्र घेतलेले बरे. कादंबरी आधी दिवाळी अंकात आली असेल तरी घाबरायचे कारण नाही. अंकाच्या नोकरीत नसलेल्या लेखकाचे लेखन एकदा छापले म्हणून अंक त्याचा मालक होत नाही. पुस्तक मुळात दुसऱ्या भाषेतून अनुवादलेले असेल तर मूळ लेखकाकडे जावे लागते. आणि आत्मकथनावर ‘शब्दांकन’ असे लिहिलेले असेल तर सर्वांत जास्त सावध राहायचे. आयुष्य एकाचे, वाक्ये दुसऱ्याची असतात. दोघांच्याही सह्या घ्याव्यात. पुस्तकात छापलेली पत्रे ज्याने लिहिली त्याची, कविता कवीची आणि छायाचित्रेही बहुधा छायाचित्रकाराची असतात. पुस्तकाच्या लेखकाला ती देता येत नाहीत.

आमच्या कादंबरीच्या कपाटात आणखी एक कागद सापडतो. १९८५मध्ये मुंबईच्या एका निर्मात्याने लेखकाला थोडे पैसे देऊन ‘या कादंबरीचे चित्रपटाचे सर्व हक्क घेत आहे’ असे लिहून घेतले होते. चित्रपट झालाच नाही. कुटुंबाला वाटते, चाळीस वर्षांपूर्वीचा कागद, तो आपोआप रद्द झाला असणार. इथे कायद्याची एक बारीक गोष्ट आड येते. आजच्या कायद्यानुसार हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर ते हक्क संपतात. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षे धरतात. पण या तरतुदी १९९४च्या दुरुस्तीने आल्या आणि त्याआधीच्या दस्तांना त्या लागू नाहीत असे कायद्यातच म्हटले आहे. म्हणजे १९८५चा कागद अजून जिवंत असू शकतो. तो निर्माता किंवा त्याचे वारस गाठून त्यांच्याकडून हक्क सोडल्याचे लिहून घ्यावे लागेल.

ते सापडलेच नाहीत तर? जमीन घेताना करतात तशी जाहीर नोटीस द्यायची. अमुक कादंबरीचे चित्रपट हक्क आमचे अशील अमक्या वारसांकडून घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे. ती वृत्तपत्रात आणि चित्रपट व्यवसायाच्या साप्ताहिकांत येते. नोटिशीने कुणाचा खरा हक्क बुडत नाही. पण नंतर कुणी उगवलाच, तर निर्मात्याने खबरदारी घेतली होती आणि हा माणूस गप्प बसला होता हे न्यायालयाला दिसते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी स्थगिती मागणाऱ्याला याचा फटका बसतो.

या टप्प्यावर पुष्कळजण एक चूक करतात. ते चित्रपटाचे नाव महामंडळाकडे नोंदवतात, पटकथा लेखक संघटनेकडे नोंदवतात आणि समजतात की गोष्ट आपली झाली. शीर्षकाची नोंद ही व्यवसायातल्या लोकांनी आपापसात पाळायची शिस्त आहे. पटकथेची नोंद अमुक तारखेला ही पटकथा अस्तित्वात होती एवढा पुरावा देते. ती पटकथा ज्या कादंबरीवर उभी आहे तिचा हक्क यातल्या कशानेच मिळत नाही.

हक्काचा करार लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचा असावा लागतो. फोनवरचा होकार, सत्काराच्या कार्यक्रमात स्टेजवरून केलेली घोषणा किंवा ‘ना हरकत’ म्हणून दिलेला दोन ओळींचा कागद यांवर कोट्यवधी रुपये लावू नयेत. कोणती कृती, नेमके कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात, हे त्यात असायला हवे. प्रदेश लिहिला नाही तर कायदा तो फक्त भारत धरतो. मराठी चित्रपटाचे खेळ लंडनला, दुबईला, अमेरिकेतल्या मंडळांत होतात आणि ओटीटीवर तो एकाच दिवशी सगळीकडे जातो. ‘संपूर्ण जग’ हे दोन शब्द राहिले तर ते सगळे उघड्यावर पडते. २०१२च्या दुरुस्तीनंतर आणखी एक नियम आला. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क दिले असे मानत नाहीत. वेबमालिका, दुसऱ्या भाषेतला रिमेक, डबिंग, पुढचा भाग हे प्रत्येक वेगळे लिहावे. लेखकाच्या बाजूने पाहिले तर यातले प्रत्येक वेगळे विकताही येते. ‘सर्व हक्क’ असे सरसकट देऊन टाकण्याआधी लेखकांनी याचा विचार जरूर करावा.

एका वर्षाचा तो नियम चित्रपटवाल्यांना फार आखूड पडतो. पटकथेला सहा-आठ महिने जातात, मग कलाकारांच्या तारखा, मग पैसे. म्हणून करारात तीन किंवा पाच वर्षे असे स्पष्ट लिहून घेतात. सगळी रक्कम आधी द्यायची ताकद नसेल तर ‘ऑप्शन’चा मार्ग आहे. ठरलेल्या किमतीचा छोटा भाग देऊन, समजा अठरा महिने, कादंबरी राखून ठेवायची. त्या काळात लेखकाने ती दुसऱ्याला द्यायची नाही. पैसे उभे राहिले की उरलेली रक्कम देऊन हक्क घ्यायचे, नाही राहिले तर आधीचे पैसे लेखकाचे आणि हक्कही लेखकाकडेच. हॉलिवूडमध्ये साधारण दहा टक्के देण्याची प्रथा आहे. आमच्या दिग्दर्शकाने चौघा वारसांशी चार लाखांची किंमत ठरवली, तर चाळीस हजारांत त्याला दीड वर्ष निर्धास्तपणे निर्माता शोधता येईल. मात्र खरेदीची पूर्ण किंमत आणि बाकीच्या अटी ऑप्शनच्या कागदातच ठरवून ठेवाव्यात. ‘किंमत पुढे परस्परसंमतीने ठरवू’ असे लिहिले तर निर्माता मिळाल्यावर ती संमती होत नाही आणि हातात काहीच उरत नाही.

हक्क घेतले म्हणजे कादंबरीचे हवे ते करता येते का? मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या हिंदी कादंबरीने हा प्रश्न न्यायालयात नेला. आईवडिलांच्या घटस्फोटात चिरडल्या जाणाऱ्या मुलाची ती गोष्ट. मन्नूजींनी चित्रपटाचे हक्क लेखी दिले होते. शिशिर मिश्रा यांनी तिच्यावर ‘समय की धारा’ केला. तो पाहून आपली पात्रे, आपला आशय यांची मोडतोड झाली असे त्यांना वाटले आणि त्या दिल्लीच्या न्यायालयात गेल्या. निर्मात्याचे म्हणणे होते की करारात बदलांची मुभा आहे. १९८६मध्ये उच्च न्यायालयाने कायद्याचे ५७वे कलम पुढे ठेवले. हक्क विकल्यावरही लेखकाचा कृतीशी असलेला नातेसंबंध या कलमाने टिकतो. आपले नाव लावण्याचा आणि कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. माध्यम बदलले की बदल होणारच, हे न्यायालयाने मान्य केले. पण करारातली बदलांची मुभा या कलमाच्या चौकटीतच वाचायची, असेही सांगितले. पुढे समझोता झाला आणि चित्रपटावरून लेखिकेचे व कादंबरीचे नाव काढले गेले.

मला यात दोन्ही बाजूंची वेदना दिसते. लेखिकेला आपला बंटी अनोळखी वाटला. निर्मात्याने ज्या नावासाठी पैसे मोजले ते नावच गेले. आज या कलमात लेखकाच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी विकृती, ही अट स्पष्ट आहे आणि लेखकाच्या पश्चात त्याचे प्रतिनिधीही ती हरकत घेऊ शकतात. म्हणून हक्क घेताना पटकथा लेखकाला किंवा वारसांना दाखवणार का, त्यांचे मत फक्त ऐकणार की त्यांची मान्यता बंधनकारक असेल, हे ठरवावे. शेवट बदलायचा असेल, काळ बदलायचा असेल, दोन पात्रे एक करायची असतील, तर तसे नेमके लिहावे. ‘आवश्यक ते बदल’ या शब्दांवर भांडण होते. ‘नायिकेचा मृत्यू चित्रपटात दाखवला जाणार नाही’ यावर ते होत नाही.

आता दुसरा हिशेब, माणसांचा. खऱ्या माणसाच्या आयुष्यावर त्याचा कॉपीराइट नसतो. असतो तो खासगीपणाचा आणि अब्रूचा हक्क. ‘ऑटो शंकर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये नियम सांगितला. कुणाच्या घरगुती, वैवाहिक, खासगी आयुष्याबद्दल त्याच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. मात्र न्यायालयाच्या कागदांसारख्या सार्वजनिक नोंदींत जे आलेले आहे त्यावर लिहिता येते. लैंगिक अत्याचाराच्या बळीचे नाव याला अपवाद आहे. व्यक्ती हयात नसेल तर हा खासगीपणाचा हक्क वारसांकडे जात नाही, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने जयललितांवरच्या ‘थलैवी’ चित्रपटाच्या वादात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात घेतली. तरी मृताच्या बदनामीने कुटुंबीयांच्या भावना दुखावत असतील तर फौजदारी तक्रार होऊ शकते. ‘गंगूबाई काठियावाडी’च्या वेळी दत्तक मुलगा म्हणवणाऱ्या व्यक्तीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, फेटाळली. निर्माता तिथे सुटला, पण शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागला.

जिवंत माणसाच्या बाबतीत सगळ्यांत शिकवणारे प्रकरण ‘बँडिट क्वीन’चे आहे. पाया म्हणून माला सेन यांचे पुस्तक होते. त्या पुस्तकासाठी फूलनदेवीने तुरुंगात असताना सांगून लिहून घेतलेली हकीकत वापरलेली होती, कारण तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. पैसे ब्रिटनच्या चॅनल फोरचे, दिग्दर्शन शेखर कपूर यांचे. फूलनदेवीशी करार झालेला होता, तिला काही रक्कमही मिळाली होती. म्हणजे पुस्तक, लेखिका, खुद्द नायिका, तिन्हींचे कागद होते. तरीही १९९४मध्ये तुरुंगाबाहेर आलेली फूलनदेवी दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

तिचे आक्षेप ऐकण्यासारखे होते. चित्रपट आपण सांगितलेल्या हकीकतीला सोडून जातो. आपल्यावरचे बलात्कार आणि नग्न धिंड आपल्या नावाने पडद्यावर दाखवली आहे, याला आपण संमती दिली नव्हती. बेहमईच्या हत्याकांडात आपण सामील असल्याचे दिसते आणि ते खटले अजून उभे आहेत. न्यायालयाने प्रदर्शनाला अंतरिम मनाई केली. गोष्ट सांगायला दिलेली संमती म्हणजे एका जिवंत स्त्रीची अशी विटंबना दाखवायची संमती होत नाही, असा त्या आदेशाचा सूर होता. शेवटी चॅनल फोरने सुमारे चाळीस हजार पौंड देऊन तडजोड केल्याच्या बातम्या आल्या आणि दावा मिटला.

मला या प्रकरणात फूलनदेवीची बाजू योग्य वाटते. चित्रपट म्हणून तो मोठा आहे, हे मान्य करूनही. तुरुंगातल्या, निरक्षर बाईकडून सही घेताना काय काय दाखवले जाणार आहे हे तिला तिच्या बोलीत समजावून सांगितले गेले, याची खूण कागदावर असायला हवी होती. आज अशा करारात तेच सर्वांत आधी पाहावे. करार त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत आहे का? तिच्या बाजूने वेगळा वकील होता का? कोणते प्रसंग दाखवले जाणार, कोणते फक्त सुचवले जाणार, हे नावानिशी लिहिले आहे का? नाट्यासाठी घटना बदलण्याची मुभा कुठवर आहे? चित्रपट तिला आधी दाखवणार का? खटला चालू असेल तर त्यातल्या तथ्यांना हात लावणार का? मोबदल्याचा हप्ता कशाशी बांधला आहे? या सगळ्याच्या बदल्यात निर्मात्याला मिळते ते दावा न करण्याचे वचन, शिवाय डायऱ्या, छायाचित्रे, आठवणी आणि दुसऱ्या कुणाला तेच सहकार्य न देण्याची हमी.

हे वचन फक्त सही करणाऱ्याचे असते. नागपूरच्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवून उभ्या केलेल्या कामावर नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ केला. हैदराबादच्या एका चित्रपटकाराने त्याच चळवळीतल्या एका खेळाडूकडून त्याच्या आयुष्याचे हक्क आपण घेतल्याचा दावा केला. तेलंगणातल्या न्यायालयाने २०२०मध्ये स्थगिती दिली आणि त्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. चित्रपटगृहांत तो आला मार्च २०२२मध्ये. एकाच घटनेत अनेक आयुष्ये गुंतलेली असतात. म्हणून पटकथा पूर्ण झाली की वकील ती पानापानाने वाचून यादी काढतो. कोण नावाने येते, कोण नाव बदलूनही ओळखू येते, कोण हयात आहे, कोणाबद्दल वाईट दाखवले आहे. ज्यांची संमती मिळत नाही त्यांचे प्रसंग सार्वजनिक नोंदींतून सिद्ध होतात का ते तपासायचे, नाहीतर पात्रच असे बदलायचे की गावातल्या माणसालाही ते ओळखता येऊ नये. नुसते नाव बदलून आणि सुरुवातीला ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ अशी पाटी लावून भागत नाही. ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी जाहिरात त्याच चित्रपटाची असेल तर मुळीच नाही.

आमच्या कल्पित दिग्दर्शकाला अठरा महिन्यांत निर्माता मिळाला नाही, असे समजू. ऑप्शन संपले, कादंबरी चौघा वारसांकडे परत गेली. पटकथा मात्र त्याने लिहून घेतलेली आहे. ती त्याची आहे, पण कादंबरीवाचून तो तिच्यावर चित्रपट करू शकत नाही. वारस कादंबरी दुसऱ्याला देऊ शकतात, पण ही पटकथा देऊ शकत नाहीत. अशी कितीतरी बाडे कपाटांत पडून असतात. ऑप्शनच्या करारात एक कलम आधीच घातले तर हे टळते. मुदत संपल्यावर नव्या निर्मात्याला पटकथा हवी असेल, तर लिहिणाऱ्याला झालेला खर्च आणि ठरलेली रक्कम देऊन ती घेता यावी, आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव राहावे. वारसांचा यात काही तोटा नसतो, म्हणून सुरुवातीला मागितले तर ते सहसा मान्य करतात.